संबंधित नावाचा इसम

आमच्या शाखेच्या हजेरीपटावर चौदा नावं आहेत. त्यांत ‘संबंधित’ नावाचा एकही इसम नाही. तरीसुद्धा गेली वीस वर्षं शाखेतली निम्मी कामं त्याच्याच अंगावर आहेत. ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’, ‘संबंधितांनी त्वरित कार्यवाही करावी’. बिचारा कधी रजेवर जात नाही, ओव्हरटाइम मागत नाही आणि काम तर अजिबात करत नाही.

या इसमाला जन्म देणाऱ्यांपैकी मी एक आहे. एका दिवाळी अंकात माझा लेख छापून आला आणि ‘आपल्याकडे लेखक आहे’ हे मॅनेजरसाहेबांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून मीटिंगमध्ये मोबाइलवर टिपणं घ्यायची आणि रात्री त्यांची झकपक मेल करून सगळ्यांना धाडायची, हे खातं माझ्याकडे आलं. मानधन नाही, पण चहा मिळतो.

आज मी माझ्याच एका मेलवर टीकालेख लिहिणार आहे. लेखकाने स्वतःवर टीका करू नये असा संकेत आहे, पण त्या मेलपायी एका म्हातारीची पेन्शन अडली. तेव्हा संकेत गेला तापीत.

मीटिंग झाली शुक्रवारी, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी, जळगावात. धुळ्याच्या शाखेचे लोकही आले होते. दुपारी भरीत आणि कळण्याच्या भाकरी झाल्या होत्या, त्यामुळे चर्चा शांततेत पार पडली. माझ्या अंगठ्याने टिपलं ते असं (नावं बदलली आहेत, कामं तीच आहेत):

जीवन प्रमाण. ८०+. घरी?? नाना बघतात
धुळे मशीन बंद. उद्या माणूस
लॉकर १४ थकले. फोन. ताई / भाऊ

ही नवकविताच म्हणायची. जे सांगितलं त्यापेक्षा न सांगितलेलं जास्त. कवितेत ते शोभतं, कारण कवितेचा अर्थ चुकला तर कुणाची पेन्शन थांबत नाही.

पहिला मसुदा मी सवयीने लिहिला. ‘जीवन प्रमाणपत्रांबाबत संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी.’ साहेबांनी वाचला आणि म्हणाले, “अहो, झकास आहे. पण करायचं कुणी?” मराठी भाषेची ही गंमत आहे. ‘करण्यात यावे’, ‘होऊन जाईल’, ‘बघितले जाईल’ अशी हवी तितकी लांब वाक्यं करणाऱ्याशिवाय उभी राहतात. घोड्यावर कुणी बसलेलं नाही, पण वरात मात्र निघाली.

मग मी दुसरा मसुदा केला, आणि खरा घोटाळा इथे झाला. साहेबांना नावं हवी होती, तारखा हव्या होत्या. मी दिल्या. जिथे नव्हत्या तिथेही दिल्या. ‘नाना हे ८० वर्षांवरील पेन्शनरांच्या घरी जाऊन ३० नोव्हेंबरपर्यंत जीवन प्रमाणपत्रे घेतील.’ ‘धुळे शाखेत शनिवार, ८ नोव्हेंबर रोजी मेकॅनिक येईल.’ ‘ताई व भाऊ थकबाकीदार लॉकरधारकांना फोन करतील.’ वाचून मलाच भरून आलं. इतकी कर्तबगार शाखा महाराष्ट्रात दुसरी नसेल असं वाटलं.

आता एकेक वाक्य तपासू. ‘उद्या’चं मी कॅलेंडर न बघता ८ तारीख केलं. तो दुसरा शनिवार होता आणि २०१५ पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. मेकॅनिक आला, कुलूप बघून गेला. ३० नोव्हेंबर हा तर रविवार. ताई आणि भाऊ दोघांची नावं घातली, तेव्हा ताईंना वाटलं भाऊ करतील आणि भाऊंना वाटलं ताई. चौदाही लॉकरवाले महिनाभर सुखात राहिले.

पण सगळ्यांत महाग पडलं ते ‘बघतो’. नाना मीटिंगमध्ये ‘बघतो’ म्हणाले, ते ‘किती जण आहेत त्याची यादी बघतो’ या अर्थाने. मी ते ‘घरी जाऊन येतो’ असं केलं. खान्देशात कुणी ‘देखसू’ म्हणालं, म्हणजे ‘पाहू’, तर त्यातून तारीख काढू नये हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण मेल लिहिताना माणूस पुण्याचा होतो. नानांनी मेल उघडली, आपलं नाव दिसलं, ‘जीवन प्रमाण’ दिसलं, आणि त्यांनी इमानदारीने अकरा नावांची यादी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यांचं काम झालं. मेल पाठवली म्हणून माझंही झालं. साहेबांनी ती मेल वर पाठवली, त्यांचंही झालं. घरी मात्र कुणीच गेलं नाही.

जानेवारीत एक नातू आला. त्याच्या आजीचे यजमान भुसावळला रेल्वेत होते; तिला फॅमिली पेन्शन. वय चौऱ्याऐंशी, अंथरुणावर. नोव्हेंबरचा दाखला नाही म्हणून डिसेंबरची पेन्शन जमा झाली नव्हती. दाखला घेतल्यावर मागची रक्कम मिळाली, पण महिनाभर औषधं उधारीवर आली होती. नातू भांडला नाही. “आजी रोज विचारायची, बँकेचा माणूस येणार होता ना?” एवढंच म्हणाला. त्याने भांडायला हवं होतं. बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी ती मेल परत लिहिली, कुणालाही न पाठवण्यासाठी:

१. ८० वर्षांवरील व अंथरुणावरील पेन्शनरांची पत्त्यांसह यादी साहेबांच्या टेबलावर. नाना. बुधवार, १२ नोव्हेंबर.
२. यादीतल्यांच्या घरी कोण जाणार, हे ठरलेलं नाही. साहेबांनी गुरुवार, १३ नोव्हेंबरला नाव सांगावं.
३. चौदा लॉकरधारकांना फोन, प्रत्येकाचं उत्तर रजिस्टरमध्ये. ताई. शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
४. धुळ्याचं नोटा मोजायचं मशीन दुरुस्त. धुळ्याचे कॅशियर. तारीख त्यांना विचारून कळवतो.

साहित्यगुण शून्य. पण बघा, दुसरी ओळ कबूल करते की इथे खड्डा आहे. माझ्या झकपक मेलने तोच खड्डा सतरंजी अंथरून झाकला होता. क्रियापदंही बघा. ‘लक्ष घालणे’, ‘पाठपुरावा करणे’ ही कामं कधी संपत नाहीत, म्हणून कधी राहिलीही नाहीत. यादी मात्र टेबलावर असते किंवा नसते. ते शिपायालासुद्धा दिसतं.

आता मेल धाडण्याआधी मी ज्याचं नाव घालतो त्याला एक ओळ पाठवतो : ‘तुमच्या नावावर हे लिहितोय, या तारखेला. बरोबर?’ निम्मे लोक उलट फोन करून म्हणतात, “मी असं कुठे म्हणालो?” तो फोन नोव्हेंबरात आलेला बरा, जानेवारीत नातू येण्यापेक्षा.

परवाच्या मेलमध्ये एका कामापुढे नावच सापडेना. सवयीने बोट ‘संबंधित’कडे वळलं होतं. थांबलो, आणि स्वतःचं नाव टाकलं. परवा दुपारी त्या आजींकडे जाऊन आलो. दारात नातू म्हणाला, “आजी, बँकेचा माणूस आला.”

आजींनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “तूच का रे तो, येणार होता तो?”