तेर्झा रीमा: साखळीचे शेवटचे टोक

आजचा विषय तसा छोटा आहे. तीन-तीन ओळींची कडवी यमकाने एकमेकांत अडकवत नेणारी एक इटालियन रचना आहे, तेर्झा रीमा. ती पुढे कशी सरकते हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ती थांबते कशी, हा प्रश्न बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. म्हणून आपण आज शेवटाचाच विचार करू.

आधी रचना समजून घेऊ. प्रत्येक कडव्यात तीन ओळी. पहिली आणि तिसरी एकमेकींशी यमक जुळवतात, मधली मात्र एकटी असते. दुसरे कडवे सुरू झाले की त्याची पहिली आणि तिसरी ओळ या एकट्या मधल्या ओळीचे यमक उचलतात, आणि पुन्हा स्वतःच्या मधोमध एक नवी एकटी ओळ ठेवून देतात. अक्षरांत मांडायचे तर: अ ब अ, ब क ब, क ड क, आणि असेच पुढे.

आपल्या ओवीशी ताडून पाहा. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड चरण यमकाविना येतो, आणि ओवी तिथे मिटते. पुढची ओवी नव्याने उघडते. अर्थ पुढे वाहत असेल, पण यमकाचे देणे मागे राहत नाही. तेर्झा रीमात नेमके उलटे आहे. इथे प्रत्येक कडवे एक उधारी करून जाते आणि पुढचे कडवे ती फेडते. पण फेडता फेडता स्वतः नवी उधारी करते. आता अडचण कुठे आहे ते तुमच्या लक्षात येईल. शेवटच्या कडव्याची उधारी कोण फेडणार? थांबण्याचे कारण या रचनेच्या नियमात कुठेही नाही. ते कवीला बाहेरून आणावे लागते.

हे केवळ आकड्यांतून समजणार नाही, म्हणून आम्ही नमुन्यादाखल नऊ ओळी रचल्या आहेत. सोळा मात्रांची साधी चाल आहे. काव्य म्हणून त्यांच्याकडे पाहू नका, सांधे कुठे आहेत तेवढे पाहा.

धुक्यात हरवुन गेली वाट
दिवा विझे अन् नदीकिनारी
पाण्यावरती थकली लाट

हाक कुणाची येते दारी
शब्द न कळती, केवळ सूर
पाउल वाजे मंद नि भारी

जवळ भासते, जाते दूर
हळू उजळते सारी धरती
मनात उरते पण काहूर

पहिल्या कडव्यातले ‘किनारी’ दुसऱ्यात ‘दारी’ आणि ‘भारी’ होऊन परत आले. दुसऱ्यातला ‘सूर’ तिसऱ्यात ‘दूर’ आणि ‘काहूर’ झाला. आणि ‘धरती’? तिला जोडीदार नाही. कान तिची वाट पाहत राहतो आणि कविता संपते. हीच ती भटकी ओळ. गंमत अशी की ती शेवटची ओळ नाही, शेवटून दुसरी आहे. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते. शेवटची ओळ नीट जुळलेली असते, आणि त्याला वाटते की काम झाले.

यावर दान्तेचा उपाय सर्वांत जुना आहे. ‘डिव्हाइन कॉमेडी’तला प्रत्येक सर्ग एका सुट्या ओळीने संपतो, आणि ही ओळ शेवटच्या कडव्याच्या मधल्या ओळीशी यमक जुळवते. आपल्या नमुन्याला असा शेवट द्यायचा तर दहावी ओळ येईल:

धुके वितळते वाटेवरती

‘धरती’ला ‘वरती’ मिळाले, उधारी फिटली. इथे एक भेद नीट करायला हवा, कारण त्यावाचून बरीच चर्चा गोंधळात पडते. कागदावर एकटी दिसणारी ओळ वेगळी, आणि यमकात एकटी पडलेली ओळ वेगळी. दान्तेची शेवटची ओळ कागदावर एकटी आहे, पण यमकात नाही. ‘धरती’ कडव्याच्या मधोमध, दोन शेजारणींच्या सोबतीत बसली होती, तरी यमकात एकटी होती. भटकी म्हणायची ती हिला.

दान्तेच्या या शेवटात एक समतोलही आहे. पहिल्या ओळीचे यमक दोनदाच येते, शेवटच्या ओळीचेही दोनदाच, आणि मधली सगळी तीन-तीनदा. साखळीची दोन्ही टोके सारख्याच मापाची. म्हणून प्रत्येक सर्गाच्या ओळी तिनाने भागल्या की एक उरतो. नरकाच्या पहिल्या सर्गात 136 ओळी आहेत, म्हणजे 45 कडवी आणि एक ओळ. पूर्ण काव्याचे सर्ग 100 आणि ओळी 14233. शंभर सुट्या ओळी वजा केल्या तर 14133 उरतात आणि तिनाने निःशेष भाग जातो.

मात्र या सुट्या ओळीवर भार फार येतो. तिच्या आधी कोरी जागा असते, नंतर काहीच नसते. यमक जुळवण्यापुरती आणलेली ओळ तिथे लगेच उघडी पडते. दान्तेने तीनही खंडांची अखेर ‘तारे’ या अर्थाच्या एकाच शब्दावर केली आहे. म्हणजे ती जागा त्याने भरून काढली नाही, तिथे पोचायचे हे आधीच ठरवून तो निघाला होता.

दुसरा उपाय इंग्रजीत शेलीने वापरला. पश्चिम वाऱ्यावरची त्याची प्रसिद्ध कविता 1819 मध्ये लिहिली गेली. तिचे पाच भाग आहेत, प्रत्येक भाग चौदा ओळींचा: चार कडवी आणि शेवटी एक जोडओळ. जोडओळीच्या दोन्ही ओळी शेवटच्या मधल्या ओळीचे यमक घेतात. म्हणजे तेही यमक तीनदा येते, आणि शेवटच्या दोन हाका लागोपाठ येत असल्याने दार बंद झाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आपल्या नमुन्यात ती अशी दिसेल:

धुके वितळते वाटेवरती
नव्या दिसाची येई भरती

आता या अकराव्या ओळीने काय केले ते बघा. ‘मनात उरते पण काहूर’ हा अस्वस्थ सूर होता. तो तिने पुसून टाकला आणि वर एक सुविचार ठेवला. जोडओळीत हा धोका कायमचा आहे. दोन यमके शेजारी-शेजारी आली की बोलण्याला निकालाचा सूर येतो, आणि कविता जे म्हणत नव्हती ते यमकच म्हणून जाते. शेलीला हा धोका कळत असावा असे आम्हाला वाटते, कारण त्या कवितेची शेवटची ओळ प्रश्नार्थक आहे. घडण दार लावते आणि वाक्य ते किलकिले ठेवते. तुमच्या मनात निकाल तयार नसेल तर जोडओळीला वाक्यातूनच असा विरोध करावा लागतो.

तिसरा उपाय आम्हाला सर्वांत स्वच्छ वाटतो. त्यात जास्तीची ओळच लागत नाही. शेवटच्या कडव्यात नवे यमक आणायचेच नाही, मधल्या ओळीला कवितेचे पहिले यमक द्यायचे. आपली आठवी ओळ बदलून पाहू:

जवळ भासते, जाते दूर
हळू उजळते पुन्हा पहाट
मनात उरते पण काहूर

‘वाट’, ‘लाट’, आणि आता ‘पहाट’. मोजा: तीन यमके, प्रत्येक बरोबर तीनदा, ओळी नऊ. एकही ओळ सुटी नाही, एकही यमक एकटे नाही. साखळीचे शेवटचे टोक पहिल्या कडीत अडकले आणि तिचे कडे झाले. पहिले यमक इतर दोन प्रकारांत दोनदाच येत होते, म्हणजे सुरुवातीलाही थोडे अपुरेपण होते. तेही इथे भरून निघाले.

मग दान्तेने हे का केले नाही? कारण कानाची आठवण. आपल्या नऊ ओळींत तिसऱ्या ओळीनंतर पहिले यमक थेट आठव्या ओळीत परतते. तेवढा वेळ कान ‘वाट’ धरून ठेवतो. बारा ओळींत ते अकराव्या ओळीत येईल, तेही जमते. पण 136 ओळींच्या सर्गात तिसऱ्या ओळीचे यमक शेवटी आणले, तर ते कागदावर जुळेल, कानाला मात्र नवेच वाटेल. ऐकणाऱ्यासाठी ती ओळ भटकीच राहील. यमक हे डोळ्यांचे नव्हे, स्मरणाचे काम आहे, हे इथे पक्के कळते.

रॉबर्ट फ्रॉस्टने रात्रीच्या ओळखीवरच्या आपल्या चौदा ओळींच्या कवितेत दुसरा आणि तिसरा उपाय एकत्र केला. कविता 1928 ची. चौथ्या कडव्याच्या मधल्या ओळीत तो पहिल्या यमकाकडे वळतो, मग त्याच यमकाची जोडओळ देतो, आणि शेवटची ओळ म्हणून पहिलीच ओळ जशीच्या तशी ठेवतो. यमक आठ ओळींनी परतते, त्यामुळे कोणी विसरला असेल तर ती पुनरावृत्त ओळ त्याला आठवण करून देते. शिवाय रात्री हिंडणारा माणूस जिथून निघाला तिथेच येतो. वर्तुळाला तिथे अर्थाचा आधार आहे. ज्या कवितेत माणूस खरोखर कुठे तरी पोचलेला असतो, तिथे हेच कडे खोटे वाटेल.

मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. आपल्याकडे क्रियापदांच्या शेपट्यांमुळे यमक स्वस्तात मिळते: गेले, आले, झाले, केले. तेर्झा रीमात त्याची किंमत मोजावी लागते. लागोपाठच्या दोन यमकांचा शेवट ‘ले’ झाला, तर कोणती ओळ कोणाची उधारी फेडते हे कानाला कळत नाही आणि साखळीचा नुसता गुंता होतो. शेजारच्या यमकांचे स्वर वेगळे हवेत: ‘वाट’, ‘किनारी’, ‘सूर’.

आणि तपासायची रीत अगदी सोपी आहे. समासात प्रत्येक ओळीपुढे यमकाचे अक्षर लिहा आणि एकूण ओळी तिनाने भागा. एक उरला तर दान्तेचा शेवट आहे. त्या एका ओळीला एकटे उभे राहण्याचे बळ आहे का ते पाहा. दोन उरले तर जोडओळ आहे. ती निकाल देते आहे का, आणि तो निकाल कवितेचा आहे का ते पाहा. काहीच उरले नाही तर थेट शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा. तिचे अक्षर वर कुठे सापडते का? आणि सापडले तर कविता मोठ्याने म्हणून पाहा, ते कानालाही सापडते का? दोन्हीची उत्तरे ‘हो’ आली, तर तिथेच थांबा. पुढे ओळ लिहू नका.