रिकाम्या गळ्याची खोली

पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळा सुती कुर्ता आहे. उभ्या पट्टीची कॉलर, वरची दोन बटणं उघडी. आत माणूस नाही, पुतळाही नाही, तरी छाती भरलेली आणि खांदे नीट उतरलेले. ऑनलाइन खरेदी करणारा असा फोटो बोटाने पुढे ढकलतो. मी मात्र आधी गळा बघतो, कारण कारागिरी तिथेच आहे.

कुर्ता पुतळ्यावर चढवून फोटो काढतात आणि पुतळा नंतर पुसतात. पण पुतळ्याची मान मागच्या कॉलरची आतली बाजू झाकते. नुसती मान पुसली तर तिथे भोक पडतं आणि त्यातून पार्श्वभूमी दिसते. म्हणून कॅमेरा आणि दिवे न हलवता त्याच कुर्त्याचा दुसरा फोटो काढतात. गळ्याच्या बेताने कापलेला फोमचा तक्ता आत घालतात. त्याची वरची कड पुढच्या गळ्याच्या खाली राहते, त्यामुळे मागची पट्टी, शिवण आणि लेबल उघडं दिसतं. मग फोटोशॉपमध्ये पेन टूलने दोन्ही फोटो कापायचे आणि मागच्या गळ्याचा तुकडा पुढच्या भागाच्या खालच्या लेयरवर बसवायचा. हाच ‘नेक जॉइंट’.

इथवर हातसफाई झाली. जिवंतपणा पुढे येतो. पांढरा फोम उजेड परतवतो, म्हणून आतली निळाई बाहेरच्यापेक्षा फिकी उतरते. तशीच ठेवली तर गळ्यात कागद चिकटवल्यासारखा वाटतो. या फोटोत तसं झालेलं नाही. आतला रंग आधी बाहेरच्याशी जुळवलाय, मग Multiply मोडच्या लेयरवर मऊ ब्रशने सावली भरलीय. ती सगळीकडे सारखी नाही, हे मला फार आवडलं. पुढच्या कॉलरच्या कडेलगत ती दाट आहे आणि लेबलकडे जाता जाता विरते. वरून येणारा उजेड खोलगट जागेत असाच उतरतो. मागच्या पट्टीची कमानही दोन्ही खांद्यांच्या शिवणींना बरोबर भिडते, कुठे पायरी पडलेली नाही.

हँगरवर टांगून हा परिणाम साधला नसता. आकडा पुसता येतो, पण खांद्यांना आलेली टोकं आणि सपाट पडलेली छाती पुसायची कशी?

एक खोट मात्र आहे. कुर्ता पुतळ्याला सैल होता म्हणून मागून चिमटे लावले असावेत. काखेखालच्या चुण्या पाठीकडे ओढल्यासारख्या दिसतात. मान पुसणं ही लबाडी नव्हे, कुर्ता मुळात तसाच आहे. पण चिमट्यांनी माप बदलतं, आणि अंगावर सैल होणारा कुर्ता गिऱ्हाईक परत पाठवतं.

निळ्या जाड सुताला हे सगळं मानवलं. पांढऱ्या मलमलीतून पुतळ्याचा रंग आरपार दिसतो. तो काढायचा तर बाहीचा प्रत्येक पदर किती पारदर्शक हे हाताने ठरवावं लागतं, आणि ते क्वचितच पटण्याजोगं जमतं. तिथे मॉडेलच उभी करावी.