पाण्यातील बंधक आणि निर्दोषतेचा समज : बॅटरीच्या इलेक्ट्रोडमधील बंधक व वाहक कार्बन यांची चिकित्सा (महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

लिथियम-आयन बॅटरीविषयीच्या पाठ्यपुस्तकी व लोकप्रिय लेखनात इलेक्ट्रोडचे वर्णन बहुधा सक्रिय पदार्थापाशी संपते. कॅथोडसाठी कोणते ऑक्साइड वापरले, ॲनोडसाठी ग्राफाइट कसे निवडले, याची चर्चा विस्ताराने होते; उरलेल्या चार-पाच टक्क्यांचा उल्लेख मात्र 'निष्क्रिय घटक' असा एका शब्दात उरकला जातो. याच लेखनात अलीकडे दुसरे एक विधान रूढ झाले आहे. जुन्या सेंद्रिय द्रावकाच्या जागी पाणी आले की इलेक्ट्रोडनिर्मिती प्रदूषणमुक्त होते, असे ते विधान होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजांची चिकित्सा केली आहे. सावित्रीच्या काठी रासायनिक औद्योगिक वसाहत असलेल्या महाड परिसरात, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या पोलादपुरात, दुसऱ्या विधानाचा खरेखोटेपणा हा केवळ वर्गातला प्रश्न राहत नाही.

'निष्क्रिय' घटकांचे गणित

इलेक्ट्रोड म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर चढवलेला भुकटीचा लेप. कॅथोडसाठी ॲल्युमिनियमचा आणि ॲनोडसाठी तांब्याचा पत्रा वापरतात. सक्रिय पदार्थाचे कण एकमेकांना व पत्र्याला धरून ठेवण्याचे काम बंधक करतो. कॅथोडमधील ऑक्साइड विजेचे दुर्बळ वाहक असल्याने कणाकणांपर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचवण्याचे काम कार्बन ब्लॅक करतो. ही दोन कामे स्वतंत्र आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पुढील उदाहरणावरून ते स्पष्ट होईल.

निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइड ९६ किलो, कार्बन ब्लॅक २ किलो आणि पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड हा बंधक २ किलो असे १०० किलो कोरडे मिश्रण घेतले. ऑक्साइडच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे ०.४ चौरस मीटर असते; कार्बन ब्लॅकच्या एका ग्रॅमचे सुमारे ६० चौरस मीटर. म्हणजे ९६ किलो ऑक्साइडचे पृष्ठफळ ३८,४०० चौरस मीटर, तर अवघ्या २ किलो कार्बनचे १,२०,००० चौरस मीटर भरते. वजनाने पन्नासावा भाग असलेला कार्बन पृष्ठफळाचा तीन-चतुर्थांश वाटा घेतो. बंधक पृष्ठभागाला चिकटत असल्याने त्याचा मोठा हिस्सा ऑक्साइडकडे न जाता कार्बनकडे जातो. सारा बंधक सर्व पृष्ठभागावर समान पसरला असे मानले, तर एका चौरस मीटरला १२.६ मिलिग्रॅम, म्हणजे सरासरी जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचा थर येतो.

आता वाहकता वाढावी म्हणून कार्बन २ वरून ३ किलो केला आणि बंधक २ किलोच ठेवला, तर एकूण पृष्ठफळ सुमारे २,१८,००० चौरस मीटर होते आणि बंधकाचा वाटा चौरस मीटरला ९.२ मिलिग्रॅमवर येतो. एक किलो कार्बनने बंधकाचे आवरण चतुर्थांशाहून अधिक पातळ केले. परिणामी कागदावर वाहकता वाढलेला हा लेप पत्रा गुंडाळताना किंवा कापताना कडेने सुटू लागतो. आणि लेप पत्र्यापासून सुटला की वाढवलेल्या वाहकतेचाही उपयोग राहत नाही. उलट बंधक वाढवावा, तर तो स्वतः वीज वाहत नाही आणि कणांमधील सूक्ष्म पोकळ्या बुजवून आयनांचा मार्ग अडवतो. यास्तव कार्बन व बंधक हे दोन स्वतंत्र घटक न मानता एकच जाळे मानणे अधिक युक्त ठरते. 'निष्क्रिय' हे विशेषण ऊर्जासाठ्यापुरते खरे आहे. इलेक्ट्रोडच्या वर्तनाविषयी ते दिशाभूल करते.

जुनी पद्धत व तिच्यावरील आक्षेप

पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड पाण्यात विरघळत नाही. तो एन-मेथिल पायरोलिडोन, म्हणजेच एनएमपी, या सुमारे २०२ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रावकात विरघळवून त्याची स्लरी करतात. या द्रावकावरील मुख्य आक्षेप आरोग्याचा आहे. प्रजननक्षमतेस व गर्भास अपायकारक पदार्थांत त्याची गणना होते आणि युरोपीय संघाने मे २०२० पासून कामगारांच्या त्याच्याशी येणाऱ्या संपर्कावर मर्यादा घातली आहे. बंधकही आक्षेपातून सुटलेला नाही. दीर्घकाळ न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंध घालण्याचा जो प्रस्ताव २०२३ मध्ये युरोपात प्रसिद्ध झाला, त्याच्या कक्षेत असे बहुवारिकही येतात.

कोकणच्या हवामानाने या पद्धतीत आणखी एक अडचण निर्माण होते. एनएमपी हवेतील ओलावा शोषून घेतो. निकेलचे प्रमाण अधिक असलेल्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर लिथियमचे अल्कधर्मी अवशेष असतात. ओलावा मिळताच ते बंधकाच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड काढून घेतात आणि साखळ्या एकमेकींत अडकतात. सकाळी ओघवती असलेली स्लरी काही तासांत घट्ट होऊन खरवसासारखी गोठते व तिचा रंगही बदलतो. जुलै-ऑगस्टमधील महाडच्या हवेत, आर्द्रतेवर नियंत्रण नसलेल्या प्रयोगशाळेत, हे घडणे अजिबात अनपेक्षित नाही. दोष भुकटीचा की हवेचा, हे ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे तीच स्लरी झाकून व उघडी अशी दोन भांड्यांत ठेवून तिची घट्टता तासातासाने पाहणे.

पाणी : कोठे यशस्वी, कोठे नाही

ग्राफाइट ॲनोडच्या बाबतीत पाण्याकडे झालेला बदल प्रयोगावस्थेत नाही. उद्योगात तो केव्हाच स्थिरावला आहे. येथे दोन द्रव्ये मिळून बंधकाचे काम करतात. सेल्युलोजपासून बनवलेले कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज स्लरीला घट्टपणा देते आणि पाण्याला न जुमानणाऱ्या ग्राफाइट व कार्बन यांच्या कणांना वेगवेगळे ठेवते. स्टायरीन-ब्युटाडीन रबराचा चीक लेपाला लवचीकपणा व चिकटपणा देतो. पहिल्याशिवाय कार्बनच्या गुठळ्या होतात, दुसऱ्याशिवाय लेप ठिसूळ होऊन तडकतो. तांब्याच्या पत्र्याला या पाण्याचा विशेष उपद्रव होत नाही.

कॅथोडकडे वळताच चित्र पालटते. निकेलप्रधान ऑक्साइड पाण्यात टाकले की त्यातील लिथियम काही प्रमाणात पाण्यात उतरते आणि स्लरीचा सामू ११ ते १२ पर्यंत चढतो. ॲल्युमिनियमवरील संरक्षक ऑक्साइडचा थर सुमारे ९ च्या वर टिकत नाही. उघडा पडलेला धातू पाण्याशी अभिक्रिया करतो, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि वाळलेल्या लेपावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. फॉस्फोरिक आम्लाचे अल्प प्रमाण घालून सामू उतरवणे किंवा कार्बनचा पूर्वलेप दिलेला पत्रा वापरणे हे उपाय आहेत; परंतु लिथियम गमावल्याने सक्रिय पदार्थाच्या पृष्ठभागाची झालेली हानी त्यांनी भरून येत नाही. शिवाय रबराचा चीक कॅथोडच्या उच्च विभवाला ऑक्सिडीकरणापासून सुरक्षित राहत नाही, त्यामुळे तेथे ॲक्रिलिक वर्गातील बंधक शोधावे लागतात. लोह फॉस्फेटचा कॅथोड पाण्याशी तुलनेने सौम्य वागतो व त्याच्यासाठी हा मार्ग बराच सुकर आहे. म्हणून 'पाण्यातील बंधक' या एका शीर्षकाखाली ग्राफाइट, लोह फॉस्फेट व निकेलप्रधान ऑक्साइड यांना एकत्र घालणारे लेखन वाचकाला चुकीचा निष्कर्ष काढायला लावते.

वाळवण्याचा हिशेब

पाण्याचा उत्कलनबिंदू कमी, म्हणून वाळवण्यास ऊर्जा कमी, हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. एक किलो पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ०.६३ किलोवॅट-तास उष्णता लागते. एक किलो एनएमपीला सुमारे ०.१५. केवळ अप्रकट उष्णता पाहता पाणी चौपट महाग आहे. तरीही एकूण हिशेबात पाणी स्वस्त पडते, याचे कारण वेगळे आहे. एनएमपीची वाफ ज्वलनशील असल्याने तिचे प्रमाण स्फोटमर्यादेच्या बरेच खाली राहील इतकी गरम हवा सतत फिरवावी लागते आणि महागडा द्रावक परत मिळवण्यासाठी ती सर्व हवा पुन्हा थंड करावी लागते. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २०१६ मधील अभ्यासात हा एकत्रित खर्च एक किलो द्रावकामागे सुमारे १० किलोवॅट-तास इतका काढला आहे. अर्थात बचत होते ती पुनर्प्राप्तीची यंत्रणा गळाल्यामुळे. पाणी सहज वाळते म्हणून नव्हे.

वाळवण्याची घाई मात्र पाण्यालाच अधिक बाधते. पाण्याचा पृष्ठताण एनएमपीपेक्षा बराच अधिक असल्याने जाड लेपाला तडे जातात. तापमान वाढवून वेग वाढवला, तर वर चढणाऱ्या पाण्याबरोबर रबराचे सूक्ष्म कणही वर जातात आणि पत्र्यालगत बंधक उरत नाही. चिकटपट्टी लावून ओढली असता पत्रा स्वच्छ उघडा पडला, तर दोष पत्र्यालगतच्या बंधकाचा. लेप मधोमध फाटून दोन्हीकडे उरला, तर तो लेपाच्या अंतर्गत बळाचा प्रश्न समजावा. पहिल्या प्रसंगी बंधकाचे प्रमाण वाढवण्याआधी वाळवण्याचा वेग कमी करून पाहणे इष्ट. शेवटी, कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज ओलावा धरून ठेवते. निर्वात भट्टीत काढलेला लेप पावसाळी हवेत उघडा राहिला, तर शोषलेले पाणी विद्युत अपघटनीतील लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेटशी अभिक्रिया करून हायड्रोफ्लुरिक आम्ल निर्माण करते.

सावित्रीच्या काठचा प्रश्न

येथे मूळ विधानाकडे परतता येते. द्रावकाची वाफ नाहीशी झाली, ही कामगाराच्या दृष्टीने खरी व मोठी सुधारणा आहे. ती नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु स्लरीची भांडी, नळ व लेपनयंत्र रोज धुवावे लागतात. जुन्या पद्धतीत हे धुणे द्रावकानेच होते, आणि द्रावक महाग असल्यामुळे तो गोळा करून परत पाठवण्यात उत्पादकाचाच लाभ असतो. पाण्याच्या पद्धतीत धुण्याचे पाणी गोळा करण्यास असे कोणतेही आर्थिक कारण उरत नाही. त्या पाण्यात सेल्युलोजचे जाड द्रावण, रबराचा चीक, कार्बनचे अतिसूक्ष्म कण आणि कॅथोडचे असल्यास निकेल व कोबाल्ट असतात. कार्बनचे कण वेगळे ठेवण्याचा जो गुण स्लरीत हवा असतो, तोच सांडपाण्यात त्यांना तळाशी बसू देत नाही.

महाड औद्योगिक क्षेत्रात सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, आणि सावित्री तेथून पुढे बाणकोटच्या खाडीकडे जाते. अशा ठिकाणी एखाद्या इलेक्ट्रोडनिर्मितीच्या प्रस्तावाचे मूल्यमापन 'द्रावक कोणता' या एका प्रश्नावर करणे अपुरे ठरेल. कॅथोड कोणता, धुण्याचे पाणी किती व त्यातील कण साकळवून गाळण्याची सोय केंद्राकडे पाठवण्याआधी कारखान्यातच आहे काय, हे तीन प्रश्न त्यासोबत विचारावे लागतील. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले होते, हे ध्यानात घेता साठवणुकीची जागा हा चौथा प्रश्न होय.

निष्कर्ष

बंधक व वाहक कार्बन हे इलेक्ट्रोडचे गौण घटक नसून त्याचे यांत्रिक व विद्युत वर्तन ठरवणारे एकत्रित जाळे आहे. पाण्यातील बंधक ग्राफाइटसाठी सिद्ध, लोह फॉस्फेटसाठी शक्य आणि निकेलप्रधान ऑक्साइडसाठी अद्याप सदोष आहे. त्याने हवेतील धोका दूर होतो; पाण्यातील जबाबदारी मात्र त्यामुळे संपत नाही, ती धुण्याच्या मोरीपाशी येऊन थांबते. अध्यापनात हा भेद स्पष्ट केला जात नाही तोवर 'हरित' हे विशेषण शास्त्रीय वर्णन न राहता केवळ जाहिरातीचे उरेल.