‘नमस्कार मंडळी, मी बी-704’: ओळखीचा मेसेज कसा वाचायचा?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी एक मेसेज टाकतो. नाव, फ्लॅट नंबर, घरी कोण कोण, आभार, हात जोडलेली खूण. संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी असा मेसेज नमुना म्हणून आणतात आणि त्याखाली बहुतेक वेळा एकच वाक्य लिहितात : ‘हा फॅटिक संवाद आहे.’ म्हणजे माहितीसाठी नाही, तर नुसते संबंध जुळावेत म्हणून केलेलं बोलणं. ही कल्पना मॅलिनोव्स्कीने 1923 मध्ये मांडली. आपल्याकडचं ‘काय, कुठे निघालात?’ हे तिचं चांगलं उदाहरण. पण ओळखीच्या मेसेजला हे लेबल लावून थांबलात तर तुम्ही तो वाचलेलाच नसतो. आज एक मेसेज नीट वाचून बघू.

नमुना वर्तकनगरचा घेऊ. ठाण्याच्या या भागात म्हाडाची जुनी वसाहत आहे. तिथल्या कमी मजल्यांच्या इमारती पाडून त्या जागी टॉवर उभे राहत आहेत. अशा टॉवरमध्ये जुने रहिवासी असतात, नव्याने घेतलेले असतात आणि भाड्याने राहणारेही असतात. ग्रुप मात्र सगळ्यांचा एकच. खालचा मेसेज आणि त्याची उत्तरं मी अभ्यासासाठी जुळवली आहेत, कुठल्याही खऱ्या ग्रुपवरून उचललेली नाहीत. नावांच्या जागी आपलं नेहमीचं अमुक-तमुक.

सकाळी 9.12 : ‘नमस्कार मंडळी. मी अमुक. बी विंग 704, तमुककाकांच्या फ्लॅटमध्ये, 1 तारखेपासून आपल्या सोसायटीत राहायला आलो आहोत. घरी मी, मिसेस आणि आई. नोकरी वागळे इस्टेटला. ग्रुपमध्ये घेतल्याबद्दल सेक्रेटरी साहेबांचे आभार. आपले सहकार्य लाभो.’

मग उत्तरं. 9.13 ते 9.18 : ‘स्वागत’, ‘वेलकम’, तीनदा जोडलेले हात. 9.20 : ‘आपलीच सोसायटी समजा, काही लागलं तर सांगा.’ 9.41 : ‘तमुककाका कुठे गेले मग?’ 10.05 : ‘भाड्याने की घेतलात?’ 10.06 : ‘भाड्याने आहोत सध्या, 11 महिन्यांचा करार.’ 10.30, सेक्रेटरी : ‘अ‍ॅग्रीमेंट आणि पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी ऑफिसमध्ये द्या.’

आधी पत्ता बघा. या माणसाने आपली जागा दोनदा सांगितली आहे. ‘बी विंग 704’ पुरेसं होतं, तरी ‘तमुककाकांच्या फ्लॅटमध्ये’ पुढे जोडलंच. इमॅन्युएल शेग्लॉफचा 1972 चा एक लेख याच प्रश्नावर आहे : एकच जागा अनेक प्रकारे सांगता येते, मग बोलणारा त्यातला कुठला प्रकार निवडतो? त्याचं उत्तर असं की निवड ऐकणाऱ्याकडे बघून होते. आपण कुठे आहोत, तो कोण आहे, त्याला आधीच काय माहीत असेल, हे सगळं त्या निवडीत येतं. फ्लॅट नंबर कुणालाही कळतो, अगदी कुरिअरवाल्यालाही. ‘तमुककाकांच्या फ्लॅटमध्ये’ हे फक्त आधीपासून राहणाऱ्यांना कळतं. म्हणजे नवीन माणूस जुन्यांच्या नकाशावर आपली जागा दाखवतोय. ‘काका’ म्हणून तो त्यांचं नातंही उसनं घेतो. मेसेजमधले हे सगळ्यात नेमके दोन शब्द आहेत, आणि ते कामाला आलेले 9.41 च्या प्रश्नात दिसतात. तो प्रश्न 704 या आकड्यावरून निघालाच नसता.

आता ‘आपल्या सोसायटीत’. इथे मराठीत एक गंमत आहे, आणि इंग्रजी लेख वाचून तयार केलेल्या चौकटीत ती सापडत नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. पण हेच ‘आपण’ आदराने ‘तुम्ही’ या अर्थीही चालतं. क्रियापद असेल तर फरक लगेच कळतो : ‘आपण भेटू’ म्हणजे तू आणि मी, ‘आपण भेटाल का?’ म्हणजे तुम्ही. ‘आपल्या सोसायटीत’ यात असं सांगणारं क्रियापद नाही. ‘आलो आहोत’चा कर्ता तर ‘आम्ही’ आहे, म्हणजे त्याचं कुटुंब. मग ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या? तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या, की आदराने ‘तुमच्या’? पहिला अर्थ घेतला तर तो पहिल्याच दिवशी हक्क सांगतोय, दुसरा घेतला तर पाहुण्यासारखा दारात उभा आहे. शेवटचं ‘आपले सहकार्य लाभो’ मात्र सरळ आदरार्थी आहे. आमंत्रणपत्रिकेतून आणि सभेच्या प्रास्ताविकातून आलेलं हे वाक्य मेसेजमधलं सगळ्यात कच्चं, कारण ते कुठल्याही ग्रुपवर, कुणीही, असंच चिकटवू शकतं.

तर ‘आपल्या’चा अर्थ कोण ठरवणार? तुम्ही नाही, मीही नाही. संभाषण-विश्लेषणाचा साधा नियम आहे : आधीच्या बोलण्याचा अर्थ समोरच्याने काय घेतला ते त्याच्या पुढच्या बोलण्यात दिसतं, आणि संशोधकाचा पुरावा तिथे असतो. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांच्या 1974 च्या लेखात हे मांडलेलं आहे. म्हणून 9.20 चं उत्तर पुन्हा वाचा : ‘आपलीच सोसायटी समजा.’ ‘समजा’ आपण कुणाला म्हणतो? पाहुण्याला. ‘आपलंच घर समजा’ असं कोणी घरमालकाला म्हणत नाही. उत्तर देणाऱ्याने मायेने लिहिलंय यात शंका नाही. पण त्याच मायेत त्याने ‘आपल्या’ हा शब्द हक्क म्हणून न घेता, द्यायची गोष्ट म्हणून घेतला. आत घेणारा आत आहे आणि येणारा अजून उंबऱ्यावर आहे, एवढं त्या एका क्रियापदाने ठरलं.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाही, आणि 10.05 ला कोणीतरी ती विचारलीच. ‘राहायला आलो’ हे क्रियापद मालकालाही चालतं आणि भाडेकरूलाही. हा प्रश्न नुसत्या चौकशीचा नाही. ग्रुपवर जो येतो तो ‘मेंबर’. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार ‘सभासद’ वेगळा. घर विकत घेणाऱ्यालाही अर्ज करून सभासदत्व घ्यावं लागतं, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा तर सभासद होतच नाही. त्याला सर्वसाधारण सभेत मत नाही. पाण्याच्या वेळा, पार्किंग, लिफ्टची दुरुस्ती, यातलं सगळं त्याला भोगायचंय, पण ठरवायचं दुसऱ्यांनी. एका प्रश्नात तो कुठल्या रांगेत उभा राहणार ते ठरतं. लक्षात घ्या, 10.30 ला सेक्रेटरींनी ‘स्वागत’ म्हटलेलं नाही, कागद मागितलेत. तोवर अमुक हा शेजारी होता, 10.06 नंतर तो एक फाइल झाला. आणि त्याच्या उत्तरातलं ‘सध्या’ बघा. प्रश्नाला ‘भाड्याने’ एवढं उत्तर पुरेसं होतं. ‘सध्या’ जोडून तो सांगतो की ही आपली कायमची ओळख धरू नका. भाडेकरू असणं हे या ग्रुपवर थोडं सावरून सांगायचं असतं, हे त्या एका शब्दातून कळतं.

इथे विद्यार्थी एक उडी मारतात, ती मारू नका. ‘त्याने मुद्दाम लपवलं’ असं लिहायचा मोह होईल. त्याच्या मनात काय होतं याचा पुरावा तुमच्याकडे नाही. एवढंच म्हणता येतं : मेसेजमध्ये ते नव्हतं, एका वाचणाऱ्याला ते उणं वाटलं, विचारल्यावर एका मिनिटात मिळालं. ‘असे मेसेज भाडेकरू असणं सांगत नाहीत’ असा दावा करायचा असेल तर एक मेसेज पुरणार नाही. मालकांचे आणि भाडेकरूंचे अनेक मेसेज शेजारी ठेवावे लागतील, आणि ज्यात पहिल्याच ओळीत ‘भाड्याने आलोय’ लिहिलंय तो मेसेज आधी तपासावा लागेल. तुमच्या दाव्याला खरी टक्कर तोच देईल.

हाच माणूस येऊरला जाणाऱ्या एखाद्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये आला तर काय लिहील? तिथे बी-704 येणार नाही, मिसेस आणि आईही येणार नाहीत. ‘कळसूबाई आणि राजगड केलाय, रात्रीचा ट्रेक पहिल्यांदाच’ असं काहीतरी येईल. एका माणसाच्या ओळखी अनेक असतात. कुठली पुढे करायची ते तो ग्रुप ठरवतो. तिथे 10.05 ला येणारा प्रश्नही वेगळा असेल : ‘शूज आहेत का?’ कुणाला काय विचारलं जातं यावरून त्या ग्रुपला कशाची काळजी आहे ते कळतं. सोसायटीला मालकीची, ट्रेकवाल्यांना पायांची.

आता हाताशी डेटा असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. ग्रुपमधून चॅट एक्स्पोर्ट केली की साधी टेक्स्ट फाइल मिळते. तिच्यात तारीख, वेळ, नाव, मजकूर येतो. पण कोणता मेसेज कुठल्या मेसेजला उत्तर म्हणून टाकला होता ती खूण उतरत नाही, आणि मेसेजवर उमटवलेले अंगठेही उतरत नाहीत. आपली सगळी पद्धत ‘पुढचं उत्तर’ यावर उभी आहे, आणि ग्रुपवर मध्येच पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असते. त्यामुळे फाइलमधली पुढची ओळ हे या मेसेजचं उत्तर असेलच असं नाही. फोनच्या पडद्यावर दिसतं ते बघून जोड्या हाताने लावाव्या लागतात. शिवाय लिफ्टमध्ये भेटून विचारलेलं आणि खाजगी मेसेजवर विचारलेलं तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून ‘कोणी विचारलं नाही’ असं लिहू नका, ‘ग्रुपवर कोणी विचारलं नाही’ असं लिहा.

आणि परवानगी. तुम्ही त्या ग्रुपमध्ये आहात म्हणून तो डेटा तुमचा होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याची आणि ज्यांची उत्तरं वापरणार त्या प्रत्येकाची संमती लागते. नाव बदललं म्हणजे झालं असंही नाही. इमारत, विंग, मजला आणि ‘तमुककाका’ एवढं ठेवलंत तर वर्तकनगरचा कोणीही रहिवासी दोन मिनिटांत घर ओळखेल. म्हणजे मेसेजमधले जे शब्द विश्लेषणासाठी सगळ्यात मोलाचे, तेच ओळख फोडणारे. त्यांच्या जागी दुसरे शब्द घालताना काम तेच राहील असे घाला : काकांच्या जागी मावशी चालतील, पण ‘आधीचे मालक’ चालणार नाही. नातं गेलं की तुमचा मुद्दाही गेला.

पुढच्या वेळी असा मेसेज समोर आला की ‘फॅटिक’ लिहिण्याआधी त्यातलं एकेक वाक्य झाकून बघा. ते झाकल्यावर खालचं कुठलं उत्तर निराधार होतं? आमच्या नमुन्यात ‘नमस्कार मंडळी’ झाकलं तर एकही उत्तर हलत नाही. ‘तमुककाकांच्या फ्लॅटमध्ये’ झाकलं तर 9.41 चा प्रश्न हवेत लटकतो.