‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर

मंडळी, आज चर्चेला घेतलेला मजकूर जेमतेम चार ओळींचा आहे. फोनवरच्या एखाद्या संगणकी मदतनीसाला माणूस पहिलाच निरोप पाठवतो, ‘तू कोण?’ किंवा ‘तुला काय येतं?’ नमस्कार नाही, काम सांगणं नाही, मागचापुढचा संदर्भही नाही. त्यावर जे उत्तर येतं ते कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं, नाहीतर कुणीतरी दिलेल्या सूचनांमधून तयार होतं. म्हणजे त्यामागे लेखक आहेच. म्हणून एखाद्या कथेच्या पहिल्या परिच्छेदाकडे जसं पाहतो, तसंच आम्ही या उत्तराकडे पाहणार आहोत.

हा प्रश्न टाळण्याची परंपरा जुनी आहे. एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्राम लिहिला आणि १९६६ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्याची गाजलेली संहिता मानसोपचारतज्ज्ञाची होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत द्यायचा, एवढीच तिची युक्ती. कुणी ‘संगणक’ हा शब्द काढला, तर संगणकांची तुम्हाला काळजी वाटते का, असं ती उलट विचारी. म्हणजे ‘तू यंत्र आहेस का’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्याच मनाचा प्रश्न होऊन जाई. संहिता खोटं बोलत नव्हती, पण उत्तरही देत नव्हती. मानसोपचाराच्या सोंगात ते खपून गेलं. जिथे माणूस कामासाठी येतो, तिथे हीच चलाखी म्हणजे फसवणूक.

आजचा दोष उलटा आहे. आज टाळलं जात नाही, भरमसाट सांगितलं जातं. कल्पना करा, सातबाराविषयी माहिती देणारी एक सेवा आहे. तिचं पहिलं उत्तर आम्ही नमुना म्हणून लिहिलं. असे मजकूर तुम्ही वाचलेलेच असतील.

‘नमस्कार! मी तुमची डिजिटल मैत्रीण! सातबारा, आठ-अ, फेरफार, वारस नोंद, मोजणी अशा जमिनीच्या प्रत्येक कामात मी तुम्हाला मदत करू शकते!’

यातला सगळ्यात धोक्याचा शब्द ‘मदत’. मराठीत ‘फेरफारात मदत करते’ याचे दोन अर्थ होतात. एक, फेरफार म्हणजे काय ते समजावून सांगते. दुसरा, तुमचं काम करून देते. लिहिणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ होता, वाचणाऱ्याने दुसरा घेतला. समजा, भावाने केलेल्या फेरफारावर एका बाईंची हरकत आहे. नोटीस मिळाल्यापासून हरकतीला १५ दिवस असतात. बाईंनी सगळी हकिकत या मदतनीसाला लिहिली. त्याने कायदा नीट समजावून दिला, शेवटी धीराचे दोन शब्दही लिहिले. बाईंना वाटलं, हरकत पोचली. ती कुठेच पोचली नव्हती आणि दिवस तर मोजले जात होते. पुढची उत्तरं सगळी बरोबर असतील, चूक पहिल्या निरोपातच झालेली आहे.

अशी यादी का लिहिली जाते? लिहिणाऱ्याला वाटतं, प्रोग्रामला स्वतःविषयी माहीत असेल. तसं नसतं. भाषेचं प्रारूप आत डोकावून स्वतःची ओळख सांगत नाही. त्याचं नाव, त्याची कामं, त्याच्या मर्यादा या गोष्टी त्याला शिकवताना किंवा सूचनांमधून बाहेरूनच पुरवाव्या लागतात. त्या पुरवल्या नाहीत तर ते वाचलेल्या मजकुरातून बरं दिसेल असं काहीतरी जुळवतं. शिवाय एकच प्रारूप एका सेवेत कागदाचा फोटो वाचू शकतं, दुसरीत तशी सोयच जोडलेली नसते. तेव्हा ‘तुला काय येतं’ याचं खरं उत्तर ‘इथे काय जोडलंय’ एवढंच असतं. पारखही सोपी आहे. यादीतली एकेक गोष्ट प्रत्यक्ष मागून पाहा. जी मिळत नाही, ती यादीतून काढा.

आता ‘मैत्रीण’ आणि ‘शकते’ यांच्याकडे येऊ. ही अडचण आपल्या भाषेची. इंग्रजीत ‘मी सांगू शकतो’ लिहिताना लिंग ठरवावं लागत नाही. मराठीत ‘शकतो’ म्हटलं की पुरुष, ‘शकते’ म्हटलं की बाई. यंत्र स्वतःला माणूस म्हणवत नसलं, तरी क्रियापद तसं सुचवून जातं. काहीजण त्यावर ‘आम्ही’चा तोडगा काढतात, ‘आम्ही माहिती देतो’. लिंगाचा प्रश्न सुटतो, पण पलीकडे माणसं बसलीत असं वाटू लागतं. या व्याख्यानात आम्हीही ‘आम्ही’ म्हणतोय, पण इथे खरोखरच माणसं आहेत. भाषेनेच दिलेली वाट याहून सरळ आहे, ‘मला सांगता येतं’. यात बाई नाही, पुरुष नाही, गर्दीही नाही.

तर तेच उत्तर आम्ही पुन्हा लिहिलं.

‘मी माणूस नाही, अमुक संस्थेचा संगणक-प्रोग्राम आहे. सातबारावरच्या नोंदी कशा वाचायच्या आणि फेरफाराची पद्धत काय, हे मला सांगता येतं. तुमचा उतारा मला दिसत नाही. अर्ज किंवा हरकत इथून दाखल होत नाही. माझं उत्तर चुकू शकतं, मुदतीची खात्री तलाठ्यांकडे करा. तुम्हाला काय विचारायचंय?’

पहिल्या वाक्यात ‘कोण’ आणि ‘कुणाचा’ हे दोन्ही आलं. दुसऱ्यात ‘मदत’ गेली, ‘वाचणं’ आणि ‘पद्धत’ आली. म्हणजे जे होतं तेवढंच. हरकतीचं वाक्य वाचलं असतं, तर त्या बाई त्याच दिवशी कार्यालयात गेल्या असत्या. विचारणाऱ्याने ‘तू’ म्हटलं तरी उत्तरात ‘तुम्ही’च आहे, कारण पलीकडे कोण आहे हे कळलेलं नाही.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जोडलेल्या सोयी दहा असतील तर दोनच का सांगायच्या? कारण ‘तू कोण?’ विचारणारा दहा गोष्टी विचारत नसतो. तो अंदाज घेत असतो, इथे आपलं काम होईल का. लांब यादी दिली की तो खाली सरकत जातो आणि ‘दाखल होत नाही’ हे वाक्य नेमकं निसटतं. जास्त हवं असेल तर तो विचारेल, तेव्हा सांगावं. मात्र दोन गोष्टी थोडक्यात सांगण्याच्या नावाखाली गाळता येत नाहीत. एक, आपण यंत्र आहोत हे. दुसरी, ज्या मर्यादेमुळे समोरच्याचं नुकसान होऊ शकतं ती. आत कुठल्या कंपनीचं प्रारूप आहे हे संस्थेला सांगायचं नसेल, तर ‘ते इथे सांगितलं जात नाही’ असं लिहावं. भलतंच नाव सांगणं किंवा असलेलं नाकारणं, हे मात्र खोटं.

पुढच्या वेळी असा मदतनीस समोर आला की त्याची गोड ओळख वाचून झाल्यावर एवढंच शोधा, यात ‘नाही’ हा शब्द कुठे आहे? तो सापडला नाही, तर मुदतीचं काम त्याच्यावर सोडू नका.