पुरावा आणि पाठांतर

हौशी प्रोग्रामरांच्या नव्या बुद्धिबळ इंजिनांची वर्णनं वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: इंजिनात एंडगेम टेबलबेस आणि ओपनिंग बुक दोन्हींची सोय आहे. हे ‘दोन्ही’ मला खटकतं. टेबलबेस हा पुरावा आहे. मोजके मोहरे उरलेल्या प्रत्येक स्थितीचा निकाल शेवटापासून मागे मोजत काढलेला असतो. बुक म्हणजे इतरांनी काय खेळलं याचं पाठांतर. दोन्ही फायलींतून वाचली जातात, एवढंच त्यांच्यात साम्य.

टेबलबेसचा विचार करायचा तर रोनाल्ड द मान यांच्या 2013 च्या सिझिजीपासूनच करावा. आधीची नालिमोव्ह टेबलं मातेपर्यंतचं अंतर सांगत, सहा मोहऱ्यांनाच एक टीबीहून जास्त जागा खात आणि पन्नास चालींचा नियम त्यांच्या गावीही नव्हता. सिझिजीत राजे धरून सहा मोहऱ्यांपर्यंतचा सगळा संच सुमारे 150 जीबीत बसतो, म्हणजे घरच्या संगणकावरही मावतो. सात मोहऱ्यांना मात्र 17 टीबीच्या आसपास जागा लागते. सिझिजीचं खरं मोठेपण या काटकसरीपेक्षा तिच्या विभागणीत आहे. एक टेबल फक्त निकाल सांगतं: विजय, बरोबरी, पराभव, आणि पन्नास चालींच्या नियमामुळे हुकणारा विजय किंवा वाचणारा पराभव. दुसरं टेबल पुढच्या माऱ्यापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर सांगतं. स्टॉकफिश शोध चालू असताना पहिलंच टेबल उघडतं, आणि तेही नुकताच मारा झाला असेल किंवा प्यादं हललं असेल तरच. कारण टेबलातला निकाल चालींची मोजणी शून्य धरून काढलेला असतो. माऱ्याला अजून 40 चाली हव्यात आणि 20 आधीच वाया गेल्यात, तर टेबल ‘विजय’ म्हणेल आणि पटावर बरोबरी होईल. ही अट विसरलेलं इंजिन जिंकलेला डाव हातचा घालवतं आणि शेवटपर्यंत +100 दाखवत राहतं.

अंतराचं टेबल उघडायचं ते प्रत्यक्ष पटावरच्या स्थितीसाठी, आणि तिथेही त्याची मर्यादा ओळखून. पांढरा राजा b6 वर, हत्ती c1 वर, प्यादं h2 वर, काळा राजा a8 वर आणि चाल पांढऱ्याची, अशी स्थिती घ्या. हत्ती c8 वर गेला की मात. पण या टेबलाच्या लेखी मात आणि h4 सारखेच: दोन्हींचं अंतर 1. टेबलाची आज्ञा डोळे मिटून पाळणारं इंजिन प्यादं ढकलेल, आणि पाहणारा म्हणेल की याला एका चालीतली मात दिसत नाही. स्टॉकफिश इथे सुरक्षितपणे जिंकणाऱ्या सगळ्या चालींना एकाच पंक्तीत बसवतं, विजय घालवणाऱ्या मागे टाकतं आणि निवड शोधावर सोपवतं. पुराव्याने कुंपण घालायचं आणि विचाराने वाट काढायची, ही रीत मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत समंजस वाटते. न्यूरल जाळी इतकी तयार झाल्यावर टेबलं हवीत कशाला, असं विचारतात. गुणांकनात फायदा थोडाच आहे, हे मान्य. पण जाळी अंदाज देते. लीलाच्या प्रशिक्षणातल्या डावांचे निकाल सिझिजीवरूनच दुरुस्त केले जातात, ते अंदाजाला कुठेतरी पक्की जमीन लागते म्हणून.

बुकाला अशी जमीनच नाही. पॉलिग्लॉटची नोंद 16 बाइटांची: स्थितीची किल्ली, चाल, वजन आणि शिकण्यासाठी राखलेली जागा. किल्ली बनवतानाच पुष्कळ जण घसरतात. आँ पासाँचा स्तंभ किल्लीत धरायचा तो शेजारी मारायला शत्रूचं प्यादं उभं असेल तेव्हाच. दर दुहेरी चालीला धरला की इंजिन e4 बुकातून खेळतं आणि दुसऱ्या बाजूने लगेच बुकाबाहेर पडतं. हे लक्षण दिसलं की चूक तिथेच शोधावी. ही चूक दुरुस्त होते, वजनाची होत नाही. पॉलिग्लॉट ते काढतं जिंकलेल्या डावाला 2 आणि बरोबरीला 1 गुण देऊन. हजारदा बरोबरीत सुटलेली चाल त्यामुळे 1000 वजनाची होते, आणि गेल्या महिन्यात कुणी तिचं खंडन केलं तरी ते वजन तसंच राहतं. बुक नसेल तर दर वेळी तोच डाव होईल, ही हरकत ऐकून घेण्यासारखी आहे. पण टीसीईसी स्पर्धेत सुरुवातीच्या स्थिती आयोजकच देतात आणि विविधता तिथून येते. वेळ वाचतो म्हणाल, तर बारा चाली न पाहता खेळून स्वतःलाच न पटणाऱ्या स्थितीत उतरलेलं इंजिन वाचवलेला वेळ ती सावरण्यात घालवतं. स्टॉकफिशने स्वतःचं बुक काढून टाकलं आणि ते काम बाहेरच्या प्रोग्रामकडे दिलं, तेच योग्य. नवं इंजिन लिहिणाऱ्याने आपले कष्ट प्रोबच्या अटी बारकाईने तपासण्यात घालावेत, आणि ज्या चालीचं कारण इंजिनाला स्वतः काढता येत नाही ती त्याच्या नावावर खपवू नये.