384 चा आकडा आणि त्याची मर्यादा

विद्यार्थ्यांच्या भाषाव्यवहाराची पाहणी करणाऱ्या प्रबंधिकांतून 384 हा आकडा वारंवार आढळतो. "नमुना 384 चा, सबब त्रुटिमर्यादा 5 टक्के" एवढे विधान करून अभ्यासक पुढील प्रकरणाकडे वळतो. हा आकडा कोठून येतो, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

त्याचे गणित साधे आहे. 95 टक्के विश्वासपातळीचा गुणक 1.96, त्याचा वर्ग 3.84. ज्या प्रमाणाचा शोध घ्यावयाचा ते आगाऊ ठाऊक नसल्याने ते निम्मे, म्हणजे 0.5 धरावयाचे, कारण तेथे चलन सर्वाधिक असते. 3.84 ला 0.25 ने गुणून 0.05 च्या वर्गाने भागले की 384 येतात. येथे समष्टीचा आकार कोठेही आलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. विद्यार्थी 20,000 असोत वा दोन लक्ष, उत्तरात नाममात्र फरक पडतो. त्रुटी निम्मी करावयाची तर मात्र नमुना चौपट हवा.

परंतु या सूत्रामागे एक अट आहे: प्रत्येक विद्यार्थी यादीतून स्वतंत्रपणे, यादृच्छिक रीतीने निवडलेला असावा. प्रत्यक्षात काय घडते? अभ्यासक दहा वर्ग निवडतो आणि प्रत्येकातील चाळीसही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतो. टिपणे मराठीत काढता की इंग्रजीत, असा प्रश्न असेल, तर एका वर्गातील उत्तरे एकमेकांसारखी असणारच. शिक्षक एक, फळा एक. असे साम्य मोजणारा सहसंबंध अवघा 0.05 धरला, तरी चलन 1 + 39 × 0.05, म्हणजे 2.95 पट होते. लेस्ली किश यांच्या 1965 च्या नमुना-पाहणीवरील ग्रंथात या गुणकाचे सविस्तर विवेचन आहे. 400 उत्तरांचे मोल मग सुमारे 136 स्वतंत्र उत्तरांइतके उरते आणि त्रुटिमर्यादा 4.9 वरून 8.4 टक्क्यांवर जाते. अशा पाहणीत मराठीत टिपणे काढणारे 54 टक्के निघाले, तर ते बहुसंख्य आहेत असे म्हणण्यास आधार नाही. तेच 400 विद्यार्थी चाळीस वर्गांतून दहा-दहा घेतले असते, तर गुणक 1.45 वर थांबला असता. श्रम थोडे अधिक, पण प्रश्नावली एकही जास्त नाही.

याहून गंभीर बाब ही की, त्रुटिमर्यादा केवळ निवडीतील योगायोगाचे माप देते. त्या दिवशी वर्गात नसलेले, वा प्रश्नावली कोरी परत करणारे विद्यार्थी तिच्या हिशेबात येत नाहीत. 1936 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’कडे वीस लक्षांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या. सूत्राप्रमाणे त्रुटी नगण्य. तरीही त्यांनी लँडन यांचा विजय वर्तविला आणि प्रचंड बहुमताने निवडून आले ते रूझवेल्ट. प्रबंधिकेत नमुन्याच्या आकड्याशेजारी किती वर्ग निवडले आणि किती जणांनी उत्तर दिले नाही, हे दोन आकडे नसतील, तर परीक्षकाने ते मागून घ्यावेत.